रिअल इस्टेट सल्लागाराची प्रोफाइल: आधी व्यवहारांची वही, मग मजकूर

पुण्यात जागांच्या खरेदी-विक्रीचं काम करणारी नवी मुलं-मुली स्वतःची प्रोफाइल लिहून माझ्याकडे वाचायला पाठवतात. दहांतल्या आठांत चूक एकच असते. मजकूर आधी लिहिलेला असतो आणि त्याला आधार नंतर शोधला जातो. मग ‘५०० हून अधिक समाधानी कुटुंबं’, ‘पुण्यातील सर्व भागांत सेवा’, ‘शंभर टक्के क्लिअर टायटल’ अशी वाक्यं येतात. ती वाचून ग्राहक फोन करतो, पण पहिल्याच भेटीत ‘कोथरूडमध्ये गेल्या वर्षी किती फ्लॅट विकलेत?’ असं विचारतो आणि समोरचा गडबडतो. तिथेच व्यवहार हातचा जातो.

खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो. तो कसा चालतो हे कळावं म्हणून कर्वेनगरच्या एका सल्लागाराचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवलं आहे. तो एकटा काम करतो, सहा वर्षं झालीत आणि मुख्य काम रीसेल फ्लॅट व भाड्याच्या जागांचं आहे. त्याच्या जुन्या प्रोफाइलवर ‘३०० हून अधिक यशस्वी व्यवहार’ असं लिहिलेलं होतं.

## टप्पा १: व्यवहारांची वही तयार करा

प्रोफाइलचा एक शब्दही लिहायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी यासाठी काढा. एक्सेल असो की दोनशे पानी वही, प्रत्येक व्यवहाराला एक ओळ द्यायची. त्या ओळीत दस्त नोंदणीची तारीख, दस्ताचा प्रकार (करारनामा, खरेदीखत की लिव्ह अँड लायसन्स), दस्त क्रमांक, भाग, जागेचा प्रकार आणि तुमची भूमिका लिहा.

भूमिकेचा रकाना बहुतेक जण सोडतात आणि खरी गफलत तिथेच होते. विक्रेत्याकडून होतात, खरेदीदाराकडून, की दोघांकडून? सगळं काम एकट्यानं केलंत, की दुसऱ्या एजंटसोबत दलाली वाटून घेतलीत? की फक्त नंबर दिला आणि पुढचं त्यांचं त्यांनी पाहिलं? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि वहीत वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

पुरावा म्हणून काय ठेवायचं? सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, यावरून दस्त झाला हे कळतं, पण त्यावर मध्यस्थाचं नाव नसतं. त्यामुळे व्यवहार झाला याला सूची दोन आणि तो तुम्ही केला याला दलालीचं बिल किंवा बँकेतली जमा, अशी जोडी लागते. बिल्डरकडून दलाली मिळाली असेल आणि त्यावर टीडीएस कापला असेल, तर तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात, ती नोंद सापडते. जुनी बिलं हरवलेल्यांना याचा फार उपयोग होतो. शिवाय रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १० नुसार एजंटनं हिशेब आणि कागदपत्रं ठेवणं बंधनकारकच आहे, म्हणजे ही वही तशीही लागणारच.

सावधान: बुकिंगची पावती म्हणजे व्यवहार नव्हे. रेरा कायद्यानुसार किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरला करारनामा करून त्याची नोंदणी करावी लागते. टोकन देऊन महिन्याभरात मागे फिरणारे पुष्कळ असतात. म्हणून ओळ मोजायची ती करारनामा नोंदला गेल्यावरच.

कर्वेनगरच्या सल्लागाराची वही आम्ही दोघांनी बसून भरली. नव्या प्रकल्पांत त्यानं ३१ बुकिंग केली होती. त्यांतली ९ रद्द झाली, २२ करार नोंदले गेले. रीसेल फ्लॅट १९ निघाले, त्यांत ७ दुसऱ्या एजंटसोबत. भाडेकरार ८८ होते, पण ३४ जुन्याच भाडेकरूंची नूतनीकरणं होती, म्हणजे नवे ५४. दोन दुकानं भाड्यानं दिली होती. मग ते ‘३००’ कुठून आलं? फोनमध्ये साठवलेल्या साइट व्हिजिटच्या यादीतून. दाखवलेली प्रत्येक जागा त्यानं व्यवहार म्हणून धरली होती. फसवायचा हेतू नव्हता, कधी बसून मोजलंच नव्हतं.

तपासा: वहीतली कोणतीही एक ओळ डोळे मिटून निवडा. तिचा दस्त क्रमांक आणि दलालीची नोंद दहा मिनिटांत सापडली, तर पुढे जा.

## टप्पा २: जागांचे प्रकार आणि भूमिका वेगळ्या करा

आता वहीतल्या ओळींचे गट पाडा. पुण्यात ग्राहकाच्या दृष्टीनं गट साधारण असे पडतात: नव्या प्रकल्पातला फ्लॅट, रीसेल फ्लॅट, भाड्याची निवासी जागा, दुकान किंवा ऑफिस, आणि बिगरशेती प्लॉट किंवा जमीन. प्रत्येक गटाचं काम वेगळं असतं. नव्या प्रकल्पात तुम्ही बहुधा चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी ग्राहक आणणारे मध्यस्थ असता. दर, ताबा, करारनामा सगळं बिल्डरच्या हातात असतं. रीसेलमध्ये मात्र सोसायटीची एनओसी, विक्रेत्याचं जुनं कर्ज, शेअर सर्टिफिकेट आणि करारनाम्याच्या जुन्या साखळीची सगळी धावपळ तुमच्या डोक्यावर असते. एक रीसेल आणि एक बुकिंग यांची बेरीज करून ‘दोन’ म्हणणं ग्राहकाला काहीच सांगत नाही.

गटांची एकत्र बेरीज लिहूच नका. कर्वेनगरच्या उदाहरणात १९, २२, ५४ आणि २ मिळून ९७ होतात. आकडा चांगला दिसतो, पण रीसेल फ्लॅट घ्यायला आलेल्या माणसासाठी त्यांतले १९च कामाचे आहेत. तो १९ स्वतंत्र दिसला तर त्याला विश्वास वाटतो. ९७ च्या पोटात तो दिसत नाही.

ज्या गटात तुमच्या दोनच ओळी आहेत, त्याला प्रोफाइलमध्ये कौशल्य म्हणू नका. ‘दोन दुकानं भाड्यानं दिली आहेत’ इतकंच लिहा. आणि जे करत नाही ते सरळ लिहा. आमच्या सल्लागारानं ‘शेतजमीन आणि प्लॉटचे व्यवहार करत नाही’ ही ओळ घालायला आधी का-कू केलं. त्याला वाटलं, ग्राहक जातील. पण मुळशीकडचा प्लॉट विचारणारे त्याचे ग्राहक कधी नव्हतेच. त्यांच्या फोनमध्ये दिवस जात होता, तो वाचला.

## टप्पा ३: स्थानिक माहिती लिहा, पण तपासता येईल अशी

‘पुण्याच्या बाजारपेठेचं सखोल ज्ञान’ हे वाक्य खोडून टाका. खराडी, वाकड आणि धायरी या तिन्ही ठिकाणचं सारखंच कळणारा माणूस मी पाहिलेला नाही. ज्या दोन-तीन भागांत तुमच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त ओळी आहेत, तेवढेच तुमचे भाग. तेच लिहा.

मग त्या भागाचं असं काहीतरी लिहा, जे फक्त तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. कोथरूड आणि कर्वेनगरात जुन्या सोसायट्या फार. तिथल्या रीसेल फ्लॅटचा दर सर्वांत जास्त हलतो तो एका वाक्यानं: ‘सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे.’ हे वाक्य विक्रेता बोलतो, शेजारी बोलतात आणि एजंटही बोलतात. चांगला सल्लागार पुढचा प्रश्न विचारतो: नक्की कुठवर आली आहे? नुसती चर्चा आहे, की सर्वसाधारण सभेत ठराव झालाय? उपनिबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर सभा घेऊन विकासक निवडलाय का? विकसन करारनामा नोंदलाय का? बांधकाम परवानगी हातात आहे का? आणि मुळात जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का? नुसती चर्चा असलेल्या आणि विकसन करारनामा नोंदलेल्या सोसायटीत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, आणि खरेदीदार त्या अंतराचे पैसे आज मोजत असतो.

म्हणून प्रोफाइलमध्ये ‘रीडेव्हलपमेंटमधील तज्ज्ञ’ न लिहिता असं लिहा: ‘जुन्या सोसायटीतला फ्लॅट दाखवण्याआधी कन्व्हेयन्स झालंय का आणि पुनर्विकास कोणत्या टप्प्यावर आहे, हे सोसायटीच्या कागदांवरून पाहतो आणि ग्राहकाला लेखी कळवतो.’ हे तुम्ही खरंच करत असाल तरच लिहा. करत नसाल तर आधी करायला लागा, सहा महिन्यांनी लिहा.

रस्ते, मेट्रो आणि पाणी यांबद्दल लिहिताना ‘होणार’ हा शब्द वापरायचा नाही असा नियम करा. त्याऐवजी सुरू आहे, काम चालू आहे, मंजूर आहे किंवा प्रस्तावित आहे, यांपैकी एकच शब्द निवडा आणि महिना-वर्ष जोडा. वनाजहून निघणारी मेट्रो मार्च २०२२ मध्ये गरवारे कॉलेजपर्यंत आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत सुरू झाली, हे बिनधास्त लिहा. एखाद्या वाढीव मार्गाची फक्त घोषणा झाली असेल, तर त्याच्या जिवावर कोणाला फ्लॅट विकू नका. हद्दीचंही तसंच. सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये महापालिकेत आले, पण हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या माहितीपत्रकावर ‘पाण्याची अडचण नसलेले निवडक प्रकल्प’ असं छापलं होतं. शहराच्या पश्चिमेला एक फ्लॅट मी ऑगस्टमध्ये दाखवला, नळ सोडून दाखवला, धार जोरात होती. एप्रिलच्या शेवटी त्या घरच्या काकूंचा फोन आला. सोसायटीत रोज टँकर येत होते आणि मेंटेनन्सशिवाय टँकरचे वेगळे पैसे मागितले जात होते. भेटायला गेलो तर त्यांनी माझंच पत्रक समोर ठेवलं, त्या ओळीखाली पेनानं रेघ मारलेली. मला काहीच बोलता आलं नाही. तेव्हापासून नळ सोडून बघत नाही. सोसायटीच्या हिशेबातला एप्रिल-मेचा टँकरचा खर्च मागतो. तो कागद खोटं बोलत नाही.

सावधान: दर लिहायचाच असेल तर तो तुमच्या वहीतल्या नोंदलेल्या व्यवहारांवरूनच, कार्पेट क्षेत्रावर, आणि कोणत्या महिन्यांतला ते सांगून. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो, तो बाजारभाव म्हणून दाखवू नका. पुढच्या वाढीचा आकडा तर अजिबात नको.

## टप्पा ४: ग्राहकांचा विश्वास कागदावर कसा आणायचा

इथे बहुतेकांना अभिप्राय आठवतात. ‘खूप छान सेवा, धन्यवाद’ अशा दहा अभिप्रायांपेक्षा एक नेमका अभिप्राय जास्त बोलतो. ग्राहकाला ‘दोन ओळी लिहून द्या’ म्हणू नका, प्रश्न विचारा: ‘कोणती अडचण आली होती आणि ती कशी सुटली?’ कर्वेनगरच्या सल्लागाराला एका ग्राहकानं लिहून दिलं की, विक्रेत्याच्या बँकेकडून मूळ कागद सुटायला पाच आठवडे लागले, तोवर सल्लागारानं उरलेली रक्कम द्यायला थांबवून ठेवलं. नाव घालायला ग्राहक तयार नव्हते, म्हणून ‘रीसेल खरेदीदार, कर्वेनगर, २०२४’ एवढंच छापलं. तेवढं पुरतं.

अभिप्राय छापायची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवरचा होकारही चालेल. दारात किल्ली घेऊन उभ्या कुटुंबाचा फोटो लावायचा मोह आवरा. त्यात फ्लॅट नंबर, मुलांचे चेहरे, कधी दारावरची पाटी दिसते. लोकांच्या घराचा पत्ता ही आपली जाहिरात नव्हे.

अभिप्रायापेक्षाही जास्त विश्वास मिळतो तो दलालीबद्दल स्पष्ट लिहिल्यावर. किती टक्के, कोणाकडून, कोणत्या टप्प्यावर आणि त्यात काय-काय येतं? दस्तानंतर शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणं, वीजबिल आणि मिळकतकराचं नाव बदलणं यांत मदत करता का? दोन्ही बाजूंकडून दलाली घेत असाल तर तेही लिहा. नव्या प्रकल्पात पैसे बिल्डर देतो, ग्राहक नाही, हेही लिहा. ग्राहकाला ते आज ना उद्या कळतंच. तुमच्याकडून आधी कळलं तर बरं.

आता मर्यादेची ओळ. टायटल स्वच्छ आहे हे सांगायचा अधिकार आपल्याला नाही. ते काम सर्च घेऊन अहवाल देणाऱ्या वकिलाचं. ‘टायटलचा अहवाल ग्राहकाच्या वकिलाकडून घेतो, मी कागद जमवून देतो’ असं लिहा. ‘खात्रीशीर परतावा’, ‘भाडं पक्कं’, ‘कर्ज मंजूर होणारच’ हे शब्द कुठेही नकोत. सेवेबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान हा रेरा कायद्याच्या त्याच कलम १० मध्ये गैरप्रकार धरला आहे, मग ते तोंडी असो की छापील.

## टप्पा ५: मजकूर या क्रमानं लिहा

वही, गट, भाग आणि अभिप्राय तयार झाले की मजकूर अर्ध्या तासात होतो. पहिल्या ओळीत भाग आणि कामाचा प्रकार. दुसऱ्या ओळीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. मग आकडे, मग कामाची पद्धत, मग काय करत नाही, शेवटी दलाली आणि संपर्क. शाळा-कॉलेज, छंद, ध्येय यांना जागा नाही.

नोंदणीबद्दल एक चूक सर्रास दिसते: ‘महारेरा मान्यताप्राप्त सल्लागार’. महारेरा तुमच्या कामाला मान्यता देत नाही, तुमची नोंद करतं. शब्द ‘नोंदणीकृत’ असाच हवा. एजंटचा क्रमांक `A` नं सुरू होतो आणि प्रकल्पाचा `P` नं. घाईत एकाच्या जागी दुसरा छापलेला मी दोनदा पाहिला आहे. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून मुदतीची तारीखही द्या. महारेराचं प्रशिक्षण घेऊन परीक्षेचं सक्षमता प्रमाणपत्र घेतलेलं असलंच पाहिजे, तेही नमूद करा.

कर्वेनगरच्या सल्लागाराचा शेवटचा मजकूर असा झाला:

> कर्वेनगर, कोथरूड आणि वारजे या भागांत २०१९ पासून रीसेल फ्लॅट आणि भाड्याच्या निवासी जागांचं काम करतो.
>
> महारेरा नोंदणीकृत एजंट, क्र. `A52100XXXXXX`, मुदत २०२९ पर्यंत. सक्षमता प्रमाणपत्र घेतलेलं आहे.
>
> मार्च २०२५ अखेर नोंदणी झालेले व्यवहार: रीसेल फ्लॅट १९ (१२ एकट्यानं, ७ दुसऱ्या एजंटसोबत). नव्या प्रकल्पांतले करार २२, चॅनल पार्टनर म्हणून. नवे भाडेकरार ५४, त्याशिवाय नूतनीकरणं ३४. दोन दुकानं भाड्यानं दिली आहेत.
>
> जुन्या सोसायटीतला फ्लॅट दाखवण्याआधी कन्व्हेयन्स, भोगवटा पत्र आणि पुनर्विकासाचा टप्पा कागदांवरून पाहतो. काय सापडलं आणि काय सापडलं नाही, हे लेखी कळवतो. टायटलचा अहवाल ग्राहकाच्या वकिलाचा असतो.
>
> प्लॉट, शेतजमीन आणि सोसायटीच्या वतीनं विकासकाशी बोलणी ही कामं करत नाही.
>
> दलाली पहिल्या भेटीत लेखी सांगतो. दोन्ही बाजूंकडून घेत असलो तर दोघांनाही आधी कळवतो.

‘काय सापडलं नाही’ हे शब्द त्यानं स्वतः घातले. मला ते या मजकुरातले सर्वांत चांगले वाटतात, कारण जुन्या इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली महापालिकेची परवानगी, अनेकदा सापडतच नाही आणि ते न सांगता ग्राहकाला बँकेत पाठवणारे कमी नाहीत.

सावधान: प्रोफाइलमध्ये एखाद्या चालू प्रकल्पाचं नाव घेतलंत की ती त्या प्रकल्पाची जाहिरात होते. मग प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड लागतो. शक्यतो प्रोफाइलमध्ये प्रकल्पांची नावं घालू नका. त्यांचं माहितीपत्रक वेगळं ठेवा.

## टप्पा ६: छापण्याआधीची चाचणी

मजकूर छापून, कामाशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाच्या हातात द्या. त्यानं प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारायचा: ‘कशावरून?’ तुम्ही वही किंवा कागद दाखवायचा. दाखवता आलं नाही तर वाक्य खोडायचं, मऊ करायचं नाही. ‘अनेक समाधानी ग्राहक’ला ‘बरेच समाधानी ग्राहक’ केल्यानं काही बदलत नाही. आमच्या सल्लागाराच्या बायकोनं ही चाचणी घेतली आणि ‘तातडीनं प्रतिसाद’ ही ओळ उडवली. म्हणाली, ‘रविवारी तुम्ही कोणाचाच फोन घेत नाही.’ त्या जागी ‘सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ७’ आलं.

त्यानंतर maharera.maharashtra.gov.in वर जाऊन स्वतःचा क्रमांक शोधा आणि नाव, पत्ता, मुदत मजकुराशी जुळते का ते बघा. कार्यालय हलवल्यावर तिथला पत्ता बदलायचा राहून जातो आणि ग्राहक नेमका तोच पत्ता ताडून पाहतो.

दर सहा महिन्यांनी, साधारण मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी, वहीतून आकडे पुन्हा काढा आणि ‘अखेर’ची तारीख बदला. भाग बदलला, नोंदणीचं नूतनीकरण झालं किंवा छापलेल्या अभिप्रायाच्या ग्राहकानं तो काढायला सांगितलं, तर सहा महिने थांबू नका. जुन्या प्रती व्हॉट्सअॅपवर फिरत राहतात, म्हणून पीडीएफच्या नावातच महिना-वर्ष घाला.